‘पक्का रंग’ लिहिण्याआधी : हातकताईच्या ओढणीचं वर्णन

(वर्धा इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

इथे बचत गटाच्या ताया आहेत, खादी भांडारात काम करणारे काही जण आहेत, आणि मोबाइलवरून माल विकायला नुकतीच सुरुवात केलेली तरुण मुलंही दिसतायत. मी आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. ती म्हणजे हाताने कातलेल्या सुताची, हातमागावर विणलेली आणि झाडांच्या रंगात रंगवलेली ओढणी. तिच्यासोबत जी चार ओळींची चिठ्ठी जाते, त्या चिठ्ठीत काय लिहायचं आणि काय नाही, एवढाच विषय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वी मी एका गटासाठी अशी वर्णनं लिहून देत असे. पिवळ्या ओढण्यांचा एक लॉट आला. रंग पळसाच्या फुलांचा होता, आणि जरा झळाळी यावी म्हणून रंगवणाऱ्या ताईंनी वरून हळद घातली होती. मी लिहिलं, ‘शंभर टक्के नैसर्गिक, रसायनमुक्त, पक्का रंग’. वाचायला छान होतं. पुण्याच्या एका ग्राहक बाईंनी ओढणी धुण्याच्या पावडरीत भिजवली आणि तासाभराने फोटो पाठवला. पिवळ्या ओढणीवर जागोजागी लाल-तपकिरी पट्टे. त्यांना वाटलं आम्ही फसवलं. त्या पाठोपाठ आणखी काही ओढण्या परत आल्या. गटाने रंगवणाऱ्या ताईंची मजुरी अडवून धरली. ताईंनी मला विचारलं, ‘‘माझं काय चुकलं?’’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझ्या शब्दांची होती.

आता ओढणी लाल का झाली? तुमच्यापैकी प्रत्येकीला हे ठाऊक आहे, फक्त ओळखीच्या रूपात नाही. पूर्वी घरी कुंकू कसं करायचे? हळदीला चुन्यासारखं काही तरी क्षारयुक्त लावलं की ती लाल होते. धुण्याची पावडरही क्षारयुक्तच असते. त्या बाईंच्या बादलीत कुंकूच तयार झालं. मी त्यांना फोनवर सांगितलं, साध्या पाण्यात ओढणी खळबळा आणि मग पाण्यात अर्धं लिंबू पिळून तीत बुडवा. बरेच पट्टे पुन्हा पिवळे झाले. म्हणजे हे आधी सांगता आलं असतं. चिठ्ठीत दोन वाक्यं घातली असती तर ना ती ओढणी परत आली असती, ना ताईंची मजुरी अडकली असती.

त्या दिवसानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. चिठ्ठीतला प्रत्येक शब्द एक तर गटाच्या वहीत दाखवता आला पाहिजे, नाही तर मी स्वतः तुकडा धुऊन, वाळवून, ओढून पाहिलेला असला पाहिजे. या दोन्हीत जे बसत नाही ते लिहायचं नाही. कितीही खरं वाटलं तरी नाही.

या नियमाने पहिला शब्द तपासू या, ‘खादी’. वर्ध्यात हा शब्द आपण फार सहज वापरतो. सेवाग्राम आहे, गोपुरी आहे, मगनवाडी आहे, इथे कापड म्हणजे खादीच असं आपल्याला वाटतं. पण खादीची व्याख्या १९५६च्या खादी व ग्रामोद्योग आयोग कायद्यात दिलेली आहे. सूत भारतात हाताने कातलेलं हवं, आणि ते भारतात हातमागावर विणलेलं हवं. दोन्ही हवं. मग ते सुती असो, रेशमी असो, लोकरीचं असो, किंवा त्यांचं मिश्रण असो. म्हणून गिरणीचं सूत आणून हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड होतं, खादी होत नाही. त्यात कमीपणा काही नाही. विणकराचं कसब तेच असतं. फक्त नाव वेगळं आहे. शिवाय २०१३पासून खादी मार्कचे नियम आहेत. खादी म्हणून माल विकायचा असेल तर तो मार्क घ्यावा लागतो. ‘आमच्याकडे सगळं खादीच’ एवढं म्हणून भागत नाही.

ही काळजी आजची नाही. १९२५ साली चरखा संघ स्थापन झाला, तेव्हाही गिरणीचं सूत खादी म्हणून विकलं जाण्याची भीती होतीच. म्हणून संघ विक्रेत्यांना प्रमाणपत्र देत असे, आणि ‘प्रमाणित खादी’ असा शब्दच पडला.

आता कोणी म्हणेल, ताई, हाताला कळतं की हो. सूत जाड-बारीक असलं की हातकताईचं. खरं सांगू? नाही कळत. गिरणीतही मुद्दाम जाड-बारीक सूत काढतात, हातकताईसारखं दिसावं म्हणून. दुसरी एक परीक्षा सगळ्यांना माहीत आहे, धागा जाळून बघायची. सुती धागा जळताना कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा चांगली आहे, पण ती फक्त धागा कापसाचा आहे की नाही एवढंच सांगते. तो चरख्यावर निघाला की गिरणीत, हे राखेत दिसत नाही.

मग दिसतं कुठे? वहीत. कोणत्या ताईंनी किती गुंड्या कातल्या, कोणत्या तारखेला दिल्या, त्या कोणत्या मागावर गेल्या. एक गुंडी म्हणजे हजार मीटर सूत. ही नोंद असली की ‘हातकताई’ हा शब्द बिनधास्त लिहा. सूत अंबर चरख्यावर कातलं असेल तर ‘अंबर चरख्यावर’ असं लिहा, पेटी चरख्यावर असेल तर तसं. पेळू कारखान्यातून तयार आला असेल आणि तुम्ही ‘कापसापासून सगळं हाताने’ असं लिहिलं, तर ते खोटं झालं. ‘तयार पेळूपासून अंबर चरख्यावर कातलेलं’ यात लाजण्यासारखं काहीही नाही. उलट जाणकार माणूस हे वाचून थांबतो, कारण इतकं नेमकं कोणी लिहीतच नाही.

दुसरा निसरडा शब्द म्हणजे ‘सेंद्रिय’. आपल्या जिल्ह्यात कापूस घरोघर. पण २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आता शिवारात बहुतेक तोच आहे. सेंद्रिय प्रमाणीकरणात जनुक बदललेलं बियाणं चालतच नाही. म्हणजे कपड्यावर ‘सेंद्रिय’ लिहिणं म्हणजे खरं तर बियाण्याबद्दल आणि जमिनीबद्दल बोलणं. त्या शेतकऱ्याचं प्रमाणपत्र तुमच्या हातात आहे का? असेल तर त्याचा क्रमांक लिहा. नसेल तर ‘वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडून घेतलेला कापूस’ एवढंच लिहा, आणि तेही पावती असेल तरच.

‘रसायनमुक्त’ तर पूर्ण काढून टाका. रंग कापडावर बसावा म्हणून आपण तुरटी वापरतो. तुरटी हे रसायनच आहे, ॲल्युमिनियमचं. हिरडा वापरतो, त्यातला तुरटपणा हेही रसायनच. काळ्या रंगासाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवतो, त्याचं पाणी हेही रसायनच. निळीचा रंग कापडाला लागण्याआधी ती विरघळवावी लागते, त्यासाठी कोणी चुना आणि गूळ घेतं, कोणी बाजारातला हायड्रोस घेतं. आणि नीळ खुद्द झाडाची की कारखान्याची? कारखान्यातली नीळ १८९७पासून बाजारात आहे, आणि तिच्यातलं निळं द्रव्य झाडाच्या निळीतलंच आहे. कापडाकडे बघून कोणीही सांगू शकत नाही. इथेही पुन्हा पावती. म्हणून ‘नैसर्गिक’ म्हणून थांबू नका. काय वापरलं ते नाव घेऊन लिहा. ‘पळसाची फुलं, हळद, हिरडा, तुरटी.’ चार शब्द, सगळे खरे, आणि वाचणाऱ्याला त्यातून सुगंधच येतो की नाही?

आता रंगाचं वागणं. तीनच रंग सांगते, कारण तिघांची तऱ्हा वेगवेगळी आहे.

पिवळ्याचं कळलंच. पळस आणि हळद दोन्ही उन्हाला भितात. आपलं वर्ध्याचं वैशाखातलं ऊन काय असतं, तुम्हाला सांगायला नको. गच्चीवर वाळत घातलेली पिवळी ओढणी एका उन्हाळ्यात फिकट होते. हे मी तपासलं कसं? ओढणीच्या तुकड्यावर अर्ध्या भागात जाड पुठ्ठा शिवला आणि तो तुकडा पंधरा दिवस दक्षिणेच्या खिडकीत टांगला. पुठ्ठा काढला तेव्हा मधोमध रेघ मारल्यासारखी दिसत होती. एका बाजूला हळदी रंग, दुसऱ्या बाजूला सायीचा. प्रयोगशाळेत याची रीतसर मोजणी होते, उन्हासाठी एक ते आठ आणि धुण्यासाठी एक ते पाच असे आकडे मिळतात. मोठी ऑर्डर असेल तर ती जरूर करून घ्या. पण चिठ्ठीपुरतं पुठ्ठ्याचं काम पुरतं.

काळा-राखाडी हिरड्याचा आणि लोखंडाचा. हा उन्हाला बऱ्यापैकी टिकतो, पण आंबटाला नाही. लिंबाचा थेंब, चिंचेचा कोळ, लोणच्याचं तेल-मसाला, घाम यांनी त्यावर फिकट डाग पडतात. आणि एक गोष्ट रंगवणाऱ्यांनी ऐका. लोखंडाचं पाणी जास्त झालं तर वर्षा-दोन वर्षांत कापड विरतं, बोट लावलं की फाटतं. हे काही वर्णनाने भरून निघत नाही. तिथे माप कमी करावं लागतं.

निळा उन्हाला आणि साबणाला चांगला आहे, पण घासला की उतरतो. निळ आतपर्यंत मुरत नाही, धाग्याच्या बाहेरच्या अंगावर बसते. नव्या निळ्या ओढणीखाली पांढरा कुडता घातला तर खांद्यावर निळं लागणारच. पांढऱ्या फडक्याने ओढणी वीस वेळा घासा, फडकं जितकं निळं होईल तितकं लिहा.

बघा, एकाही रंगाला ‘पक्का’ म्हणता येत नाही. पण तिन्हींबद्दल लिहिण्यासारखं भरपूर आहे.

आता येऊ या ‘हाताचं काम आहे, थोडं उन्नीस-बीस व्हायचंच’ या वाक्याकडे. हे वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं पांघरूण आहे. सूत कुठे जाड, कुठे बारीक असणं, मधूनच बारीक गाठ येणं, एका लॉटची पिवळी दुसऱ्या लॉटपेक्षा सावळी असणं, हा हाताचा फरक. पळसाची फुलं फाल्गुनात ताजी मिळतात, पावसाळ्यात वाळलेली वापरावी लागतात, रंग सारखा येणार कसा? पण ताण्याची तार तुटून सबंध लांबीभर पडलेली रेघ, मागाच्या तेलाचा डाग, काठाला सुटलेलं सूत, हा दोष. दोष हा दोषच. त्याला ‘हस्तकलेचं सौंदर्य’ म्हणू नका.

फरक कोणता आणि दोष कोणता, हे ठरवताना मी तीन गोष्टी बघते. दोन वेळा धुऊन ती खूण तेवढीच राहते की वाढते? दोन्ही हातांनी ओढल्यावर तिथून कापड सरकतं का? आणि विणणाऱ्याने ही ओढणी स्वतःच्या घरी ठेवून घेतली असती का? तिसरा प्रश्न विणकराला विचारून बघा. उत्तर खरं मिळतं, आणि बहुधा हसत मिळतं.

फरक लिहायचाच नाही तर दाखवायचाही. फोटो काढताना आपण सगळ्यात सुंदर ओढणी निवडतो, मग ग्राहकाला दुसरी जाते. त्यापेक्षा लॉटमधली सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकट अशा दोन ओढण्या शेजारी ठेवा. सकाळी, सावलीत, बाजूला पांढरा कागद ठेवून फोटो काढा. ट्यूबलाइटखाली नको, संध्याकाळच्या उन्हातही नको, कारण तेव्हा सगळ्याच पिवळ्या सोन्यासारख्या दिसतात. खाली लिहा, ‘तुम्हाला या दोघींच्या मधला रंग मिळेल.’

मापाचं एक उदाहरण पाटीवर करू. हातमागावर विणलेल्या कापडाची रुंदी सगळीकडे सारखी नसते. आपल्या ओढणीची रुंदी तीन जागी मोजली, ९१, ८९ आणि ९० सेंटिमीटर आली. चिठ्ठीवर ९० लिहायचं नाही, सगळ्यात कमी ते लिहायचं, ८९. लांबी २१० आली. पण हे धुण्याआधीचं माप. म्हणून त्याच थानाच्या तुकड्यावर ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने ५०-५० सेंटिमीटरवर दोऱ्याने खुणा केल्या, तुकडा तीन वेळा धुतला, वाळवला, ओढून न ताणता मोजला. ताण्याच्या दिशेने ४७.५ उरले, बाण्याच्या दिशेने ४८.५. म्हणजे लांबीत ५ टक्के आणि रुंदीत ३ टक्के आटलं. आता ओढणीला लावा. २१०चे होतात साधारण २००, ८९चे होतात साधारण ८६. ग्राहकाला हेच पाहिजे असतं, की घरी धुतल्यावर माझ्या हातात काय उरेल. ओढणीत हे दहा सेंटिमीटर चालून जातात. कुडत्यात नाही. शंभर सेंटिमीटरचा कुडता ९५चा झाला की तो माणूस पुन्हा येत नाही. तिथे कापड आधी धुऊन मग शिवावं हेच बरं.

धुण्याच्या सूचना. इथे दोन प्रकारची टाळाटाळ मी बघते. पहिली, काहीच न लिहिणं. दुसरी, ‘फक्त ड्राय क्लीन’. सुती ओढणी कोण ड्राय क्लीन करतं हो? हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं की कोणी करणार नाही. ते लिहिलं जातं उद्या तक्रार आली तर ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणायला. त्यापेक्षा ग्राहक खरंच काय करणार आहे ते धरून लिहा. ती बादलीत भिजवणार, पावडर टाकणार, गच्चीवर वाळवणार. म्हणून सांगा की गार पाण्यात, रिठ्याने किंवा क्षार नसलेल्या सौम्य साबणाने, भिजत न ठेवता लगेच धुवा. पहिले तीन वेळा वेगळी धुवा. उलटी करून सावलीत वाळवा. आणि प्रत्येक सूचनेला कारण जोडा. कारण नसलेली सूचना माणूस पाळत नाही. ‘पावडरीने हळद लाल होते’ हे वाचलं की ती बाई पावडरीचा हात मागे घेते.

आता कायद्याबद्दल थोडं, कारण तरुण मुलं मोबाइलवर विकतात. २०२०च्या ई-व्यापाराच्या ग्राहक संरक्षण नियमांत असं आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. म्हणजे तुमची ती चिठ्ठी आणि मोबाइलवरचं वर्णन हाच तुमचा शब्द आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि ‘हळदीची ओढणी, त्वचारोग जातो’ असलं काही तर मुळीच लिहू नका. रोग बरा होतो असा दावा करणाऱ्या जाहिरातींसाठी १९५४चा वेगळाच कायदा आहे.

शेवटी ती पिवळी ओढणी. मी परत लिहिलेली चिठ्ठी वाचून दाखवते.

‘हातकताईच्या सुती धाग्याची, हातमागावर विणलेली ओढणी. सूत अंबर चरख्यावर कातलेलं, तयार पेळूपासून. रंग : पळसाची फुलं आणि हळद. रंग बसण्यासाठी हिरडा आणि तुरटी. माप २१० बाय ८९ सेंटिमीटर, धुतल्यावर सुमारे २०० बाय ८६. सूत कुठे जाड, कुठे बारीक आहे, मधूनच बारीक गाठी दिसतील. त्या तशाच राहतात, वाढत नाहीत. हा रंग उन्हाने हळूहळू फिकट होतो, म्हणून सावलीत वाळवावी. धुण्याच्या पावडरीने लाल डाग पडतात. पडलेच तर साध्या पाण्यात खळबळून लिंबाच्या पाण्यात बुडवावी, बरेचसे जातात. गार पाण्यात, रिठ्याने, वेगळी धुवावी. रेघ, भोक किंवा तेलाचा डाग आढळला तर तो आमचा दोष. ओढणी परत पाठवा.’

एका दादांचा प्रश्न आहे, की ‘फिकट होतो’ असं आपणच लिहिलं तर कोण घेईल? माझा अनुभव असा, की हे वाचून काही जण घेत नाहीत, खरं आहे. जे रोज गच्चीवर वाळवणार होते तेच ते, आणि तेच परत पाठवणार होते. त्यांना निळी दाखवा.

दुसरा प्रश्न, जुन्या मालावर ‘पक्का रंग’ छापलेलं आहे, त्याचं काय करायचं? त्यावर नवी चिठ्ठी चिकटवा. आधी विकलेल्यांचे फोन नंबर असतील तर त्यांना पावडरीचं आणि लिंबाचं सांगून टाका. मी तसंच केलं होतं. एका बाईंनी सांगितलं की त्यांची ओढणी आधीच लाल झाली होती, आणि आता त्यांना ती तशीच आवडते.